जेलातली मोरखुर्ची

नांदुऱ्यात शेषरावांच्या बिछायत केंद्रात, म्हणजे मांडव-खुर्च्या भाड्यानं देण्याच्या दुकानात, खुर्च्यांचा डोंगर आहे आणि शेषराव स्वतः बसतात जमिनीवर. नवा माणूस आला की त्याला वाटतं, काय साधा माणूस आहे. साधा कशाचा? त्या खुर्च्यांवर काय काय होऊन गेलं ते गावात एकट्या शेषरावांनाच ठाऊक आहे, म्हणून ते जमिनीवर बसतात. खुर्चीच्या खालून हात फिरवला की चघळलेलं च्युइंगगम लागतं, तंबाखूच्या खर्र्याची पुडी लागते, एकदा तर कोणाचा तरी दात लागला होता. नवरा-नवरीच्या लाल मखमली सिंहासनाबद्दल तर त्यांना बोलायला लावूच नये. दर लग्नात तीच हळद, तोच घाम, त्यावर केकची मलई, आणि वरून अत्तराचा फवारा. "नवरदेव म्हणून बसते आन म्हशीवानी घामेजते," असं म्हणून शेषराव नाक असं वर चढवतात की नाकपुड्यांतून पलीकडची गल्ली दिसावी.

किळस येणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, व्यवसाय आहे. पहाटे मांडव सोडायला जाणाऱ्या माणसाला जगाची जी बाजू दिसते ती वऱ्हाड्यांना दिसत नाही. वऱ्हाडी जेवून जातात, शेषराव पत्रावळ्यांमधून चालतात.

पण अलीकडे त्यांना सगळ्यात जास्त किळस येऊ लागली ती मोबाइलमधल्या फोटोची. पूर्वी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, मांडव चांगला टाका. बस. आता गिऱ्हाईक येतं, खिशातून मोबाइल काढतं, बोटानं पुसतं, आणि पुसलेलं बोट पॅंटीला पुसून म्हणतं, अस्संच पाहिजे. फोटोत राजस्थानातला महाल असतो आणि लग्न असतं नांदुऱ्यात, गुरांच्या दवाखान्यामागच्या मैदानात.

असा सगळा राग मनात साचलेला असताना खुद्द त्यांच्या पोरीनं त्यांना फोटो पाठवला.

समीक्षा ही त्यांची एकुलती एक. दिलेली पिंपळगाव राजा या गावी, चांगल्या शेतकऱ्याच्या घरात. तिला सातवा लागला होता आणि सासरी डोहाळजेवण ठरलं होतं. साडी आणि जेवण सासरचं, सजावट माहेरची, असं तिच्या सासूनं, गीताबाईनं, परस्पर जाहीर करून टाकलेलं. व्याही बिछायतवाला असला की विहीण अशी उदार होते. त्यात समीक्षाची नणंद रुपाली हिनं कुठून तरी एक फोटो शोधून काढला. फोटोत एक गोरीपान गरोदर बाई, अंगभर फुलं, आणि तिच्या मागे एक खुर्ची. पाठ एवढी मोठी, गोल आणि उंच, की बाईच्या डोक्यामागे मोरानं पिसारा फुलवल्यासारखं दिसावं. कमरेत बारीक, खाली पुन्हा फुगलेली, डमरूसारखी. खाली समीक्षानं लिहिलं होतं, "बाबा, अशीच खुर्ची पाहिजे. नाही मिळाली तर तुमचं लाल सिंहासन आणू नका फक्त."

शेषरावांना ते वाक्य लागलं. आयुष्यभर गावच्या पोरींना त्यांनी त्या सिंहासनावर बसवलं होतं आणि आपली पोरगी म्हणते, ते आणू नका. वाईट याचं, की तिचं बरोबर होतं. त्या मखमलीवर आपली पोरगी बसलेली त्यांना स्वतःलाच पाहवली नसती. आणि तिच्या सासरच्यांसमोर बिछायतवाल्याची पोरगी प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर बसली असती, तर गीताबाईनं ते पुढच्या पिढीपर्यंत पुरवून वापरलं असतं.

पहिली चूक त्यांनी तिथेच केली. फोटो लांब धरला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "बांबू हाय." मांडववाल्याला दुसरं काय दिसणार? घरचे बांबू काढले, कामट्या काढल्या, आणि अंगणात जाळ करून वाकवायला बसले. बांबू वाकेना, चिरकला. जे वाकलं ते बांधून पाठ तयार केली तेव्हा त्यांची बायको सुवर्णाबाई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "सूप चांगलं झालं. पन एवढी तूर पाखडाची कोनाची?"

शेषरावांनी ते सूप पायानंच मागच्या भिंतीशी ढकललं आणि फोटो घेऊन संघपालकडे गेले.

संघपाल म्हणजे शेजारच्या गाळ्यातला फोटोग्राफर. लग्न, बारसं, डोहाळजेवण, सगळं शेषरावांच्या मांडवाखाली आणि संघपालच्या कॅमेऱ्यापुढे. दोघांची दोस्ती अशी, की एकमेकांची स्तुती केली तर दोघांनाही संशय यावा. त्यानं फोटो बघितला आणि विचारलं, की हे काय विकत घ्यायचं आहे, बाई की खुर्ची?

शेषराव म्हणाले, "इकडं माह्यं रगत आटून राह्यलं आन तुले बाई दिसून राह्यली काय बे."

संघपालनं फोटो मोबाइलच्या फोटोशोधात टाकला. मोबाइलनं लगेच फुलांचे गाऊन दाखवले, मग गुलाबी फुगे, मग गरोदर बायांसाठी पट्टा. शेषरावांनी तोंड फिरवलं. संघपाल म्हणाला, यात मशीनची चूक नाही, फोटोत सगळ्यात मोठं जे आहे ते मशीन धरतं. मग त्यानं बाई कापली, फुलं कापली, नुसती पाठीची गोलाई आणि खालचा डमरू ठेवला आणि पुन्हा शोधलं. या वेळी पडदाभर खुर्च्याच खुर्च्या. बहुतेकींचं नाव एकच, पीकॉक चेअर. मोरखुर्ची.

"नाव तर सापडलं," शेषराव म्हणाले, "आता बनवणारा सापडव."

ते सोपं नव्हतं. चारजणांनी पुढं पाठवून पाठवून फोटो पार पुसट झाला होता, वीण कुठं आणि सावली कुठं ते कळत नव्हतं. संघपालनं रुपालीकडून मूळ फोटोचा पत्ता मागवला, तिथून स्वच्छ फोटो उतरवला आणि मोठा करत करत खुर्चीच्या पायापर्यंत नेला. वेताची खुर्ची असली तर जिथं दोन काठ्या मिळतात तिथं वेताच्याच बारीक पट्टीनं गुंडाळलेलं असतं. इथं गुंडाळीच नव्हती. सगळ्या काठ्या एकाच जाडीच्या, एकाच रंगाच्या, आणि उजेड पडला तिथं चकचक. वेत असा चकाकत नाही, कुठं काळसर असतो, कुठं पिवळा. आणि मागच्या पायाशी एक पट्टी सुटून लोंबत होती आणि तिच्या आतून काळी सळई डोकावत होती.

शेषरावांचा चेहरा असा उजळला की जणू पोरगीच बाळंत झाली. "प्लास्टिक! लोखंडावर प्लास्टिक गुंडाळलं आन हे लोक त्याच्यावर राणी बसवून राह्यले."

बनवणाऱ्याचं नाव मात्र सापडलं नाही आणि सापडण्यासारखं नव्हतंही. असला माल डेकोरेशनचं सामान करणारे ढिगानं करतात. खुर्चीवर ना शिक्का, ना चिठ्ठी. तीच खुर्ची एकजण 'पीकॉक' म्हणून विकत होता, दुसरा 'बोहो' म्हणून, तिसरा नुसती 'गोल पाठीची गार्डन खुर्ची' म्हणून, आणि तिसऱ्याकडे ती सगळ्यात स्वस्त होती. फोटो तोच, नावाचा तेवढा भाव. हे पाहून शेषरावांना जगाची जी शिसारी आली ती चहानंही गेली नाही.

शोधता शोधता संघपालनं आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. ही मोरखुर्ची म्हणे शंभर वर्षांहून जुनी. खरी वेताची असते, आणि ती गाजली फिलिपाईन्सातल्या मनिला गावच्या जेलातून. तिथले कैदी ती विणायचे आणि बघायला येणारे साहेबलोक जहाजावर घालून घरी न्यायचे. शेषरावांनी ती गोष्ट सहज घरी सुवर्णाबाईला सांगितली. ही दुसरी चूक. पण ती पिकायला अजून वेळ होता.

स्वस्तातली प्लास्टिकची मागवून मोकळं व्हावं, असं संघपालचं म्हणणं पडलं. शेषराव फोटोकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, या बाईचे गुडघे बघितले काय? गुडघे कमरेच्या वर होते. म्हणजे बैठक ठेंगणी आणि खोल. असल्या खुर्चीत सात महिन्यांची पोरगी बसेल, पण उठताना तिला दोघांनी ओढावं लागेल. आणि घेणाऱ्यांनी खाली जे आपापले फोटो टाकले होते त्यातली एक खुर्ची सरळ उभी नव्हती, एक तर भिंतीला दोरीनं बांधलेली होती.

"माही पोरगी गाय होय काय, दावनीले बांधाले?" शेषराव म्हणाले. "आकार हाच पाह्यजे. पन बैठक उंच, आन हात टेकवले का हालले नाही पाह्यजे."

खऱ्या वेताच्या नव्या खुर्चीचा भाव बघून दोघांनीही मोबाइल उलटा ठेवला.

मग संघपालनं पुन्हा मोबाइल उचलला, फक्त ती गोलाई बघितली आणि म्हणाला, की ही मी पाहिलेली आहे. फुलं होती म्हणून ओळखू आली नव्हती. खामगावला ज्यांच्या हाताखाली तो कॅमेरा शिकला त्या महादेवरावांच्या स्टुडिओत अशीच खुर्ची होती. नवं जोडपं आलं की बाईला तीत बसवायचं आणि नवऱ्याला बाजूला उभं करायचं. स्टुडिओ कधीच बंद पडला, महादेवराव थकून घरी बसले, पण ते वस्तू फेकणारे नव्हेत.

खामगावला महादेवराव दारातच भेटले. खुर्ची आहे, म्हणाले, माळ्यावर आहे, कुठून आणली ते आठवत नाही, कलकत्त्याहून आली असं विकणारा सांगत होता, पण विकणाऱ्याचं काय. पैसे नकोत, असंही म्हणाले. शेषरावांना क्षणभर माणुसकीवर विश्वास बसू लागला. तेवढ्यात महादेवराव म्हणाले, "फकत तो माळा साफ करून द्या. पोरं वर जात नाहीत. मले चढवत नाही."

माळ्यावर कबुतरांचं राज्य होतं, आणि तेही अनेक पिढ्यांचं. विष्ठेचा थर इतका जुना, की फावड्यानं वड्या पडत होत्या. वास असा, की डोळ्यांतून आत शिरावा. मेलेलं एक पिल्लू, पालीची अंडी, आणि निगेटिव्हच्या डब्यात उंदरांनी मांडलेला संसार. शेषरावांनी तोंडाला उपरणं बांधलं, एकदा खाली उंबऱ्यावर येऊन ओकारी काढली आणि पुन्हा वर चढले. संघपालनं मदत केली नाही असं नाही. त्यानं खालून मोबाइलचा उजेड धरला आणि मधून मधून विचारत राहिला, की भाऊ, ही किळस स्वभावाची की धंद्याची?

खुर्ची खाली आली तेव्हा मोर कसला, झडलेली कोंबडी दिसत होती. पण संघपालनं मोबाइलमधला फोटो तिच्याशेजारी धरला आणि दोघं वाकून मिळवू लागले. पाठीचा पिसारा, तोच. कमर, तीच. खालचा डमरू, तोच. सांध्यावर गुंडाळी होती, वेताचीच, आणि तिच्यात गंजलेले बारीक खिळे. मागची एक काठी तुटली होती. शेषरावांनी तिचं टोक बघितलं. बांबू असता तर पोकळ असता. हे आत भरीव होतं, बारीक छिद्राछिद्रांचं. त्यांना अंगणातलं सूप आठवलं आणि त्यांनी विषय बदलला. बैठक होती चांगली वीतभर उंच, फोटोतल्यापेक्षा. हात टेकवून सगळा भार दिला, खुर्ची कुरकुरली, हलली नाही. उलटी करून शिक्का शोधला. शिक्का नव्हता. बनवणारा कोण, कैदी का कारागीर, मनिलाचा का आसामचा, ते त्यालाच ठाऊक.

घरी आणून शेषरावांनी ती दात घासायच्या ब्रशनं घासली. वेत ओला केला की मऊ पडतो आणि सावलीत वाळला की आवळतो, म्हणून उन्हात न ठेवता मांडवाच्या कनाती लावून वाळवली. बैठकीखाली प्लायवूडचा गोल तुकडा बसवला, वर गादी, तुटलेली काठी नव्या वेतानं सांधली. सुवर्णाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की माझ्या बाळंतपणात या माणसानं पाण्याचा पेला दिला नव्हता.

खुर्ची तयार झाली आणि त्या दुसऱ्या चुकीला फळ धरलं. सुवर्णाबाईनं जेलाची गोष्ट गंमत म्हणून समीक्षाला सांगितली होती. समीक्षानं रुपालीला. रुपालीनं आईला. नांदुऱ्याहून निघालेली गोष्ट पिंपळगाव राजाला पोचेपर्यंत मनिला गळून पडलं, शंभर वर्षं गळून पडली आणि राहिलं एवढंच, की शेषरावांनी जेलातून खुर्ची आणली, आणि तीही फाशीच्या कैद्याची.

गीताबाईचा फोन आला. शेषरावांनी तो असा कानापासून लांब धरला की अंगणातल्या सगळ्यांना ऐकू यावं. गीताबाईचं म्हणणं होतं, की तिच्या घरचा पहिला नातू, आणि त्याच्या आईला असल्या खुर्चीत बसवायचं असेल तर डोहाळजेवण होणार नाही. नाही तर ते लाल सिंहासन आणा. खुनी, दरोडेखोर जिथं बसले तिथं आमची सून बसणार नाही.

शेषरावांनी समजावलं, की ही ती खुर्ची नाही, तशी आहे, आकार तो आहे. पण ज्या घरातून 'तशीच' खुर्ची मागितली गेली त्या घराला 'ती' आणि 'तशी' यातला फरक कसा सांगायचा? ते घामेजले. लाल सिंहासनाकडे त्यांची नजर गेली. उशीवर कोणाच्या तरी हळदीचे पाची बोटांचे ठसे होते.

सुवर्णाबाईनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

"इहीनबाई," ती थंडपणे म्हणाली, "किसनदेव काय नर्सिंग होममधी जन्मला होता?"

पलीकडून गीताबाई इतकंच म्हणाली, की रुपालीशी बोलून सांगते.

सांगितलं ते असं, की खुर्ची आलीच पाहिजे आणि खुर्चीमागे कारागृह पाहिजे. रुपालीला नवी कल्पना सुचली होती. त्या कल्पनेचाही फोटो आला.

शेषरावांनी थर्माकोलचे गज कापले. रुपेरी कागद लावला. पुठ्ठ्याचा वसुदेव केला, डोक्यावर टोपली, टोपलीत प्लास्टिकचं बाळ, खाली निळ्या साडीची यमुना. गजांना गुलाबी फुगे बांधताना त्यांच्या तोंडावर जे भाव होते ते संघपालनं मुद्दाम टिपून ठेवलेत, कोणी मागितले तर दाखवतो. एक पहारेकरीही होता. झोपलेला. त्याला मिशा रुपालीनं काढल्या, त्या थोड्याफार शेषरावांसारख्या का झाल्या, हे विचारल्यावर तिनं हसू पदरात लपवलं.

समीक्षा हिरव्या साडीत आली, फुलांचे दागिने घालून. शेषराव खांबाशी उभे होते, हात मागे बांधून. त्यांचं लक्ष ना साडीकडे, ना गजरांकडे. ते बैठकीकडे बघत होते. ती बसली. खुर्ची जरा कुरकुरली. ओटी भरली, गाणी झाली, पेढा की बर्फी झालं, बायकांनी तिच्या गालांना इतकी हळद फासली की शेषरावांनी डोळे मिटून घेतले. मग तिला उठायचं झालं. दोघी पुढं धावल्या. समीक्षानं त्यांना हातानं थांबवलं, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले आणि एकटी उभी राहिली.

बापाकडे बघून ती म्हणाली, "बाबा, टोचत नाही बरं ही."

शेषराव म्हणाले, "हाव. घासली हाय चांगली." आणि तंबूची दोरी बघायला निघून गेले. दोरी चांगली घट्ट होती.

समीक्षा उठली तशी गीताबाई बसली. एक फोटो म्हणून बसली आणि मग बायका बदलत गेल्या, गीताबाई बसलेलीच. प्रत्येकीला सांगत होती, परदेशी चीज आहे, जेलातली, खास मागवली. केक तिथंच कापला. मलईचा हात कुणी पिसाऱ्याला पुसला ते शेषरावांनी पाहिलं, ओळखलं, आणि व्याह्यांच्या घरात उभे असल्यामुळे गिळलं.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यात ते अंगणात जमिनीवर बसले होते. पुढ्यात मोरखुर्ची, हातात खराट्याची काडी. वेताच्या भोकाभोकांत वाळलेली मलई होती, हळद होती आणि एका भोकात अर्धा काजू होता. एकेक भोक कोरताना ते गीताबाईच्या घराण्याचा इतिहास सांगत होते, हळू आवाजात, खुर्चीलाच.

तेवढ्यात जानेफळकडचं एक जोडपं आलं. बहिणीचं डोहाळजेवण होतं. नवऱ्यानं खिशातून मोबाइल काढला, बोटानं पुसला, बोट पॅंटीला पुसलं.

"शेषरावभाऊ, अस्सीच खुर्ची पाह्यजे."

फोटोत समीक्षा होती. मागे थर्माकोलचे गज, वसुदेव आणि मिशीवाला झोपलेला पहारेकरी. रुपालीनं तो फोटो रात्रीच जगाला वाटला होता.

शेषरावांनी मोबाइल हातात घेतला. चिमटीनं फोटो मोठा केला, पायापर्यंत नेला, सांध्यापर्यंत नेला, बराच वेळ नाक वर चढवून बघितलं. मग पुढ्यातल्या मोरखुर्चीकडे पाठ करून, ती झाकली जाईल असे जरा सरकून बसले.

"प्लास्टिक हाय," ते म्हणाले. "आतून लोखंड. त्याच्यापेक्षा आपलं लाल सिंहासन घेऊन जा."